शिफ्ट अदलाबदल: स्किल आणि ओव्हरटाइम कसं सांभाळायचं?

प्रश्न: आमच्या प्लांटमधे बॉयलरवर तीन शिफ्ट चालतात, पोरं आपसात शिफ्ट बदलतात, पण कधी सर्टिफिकेटवालाच नसतो तर कधी ओव्हरटाइम चढतो. काय करावं?

उत्तर: आधी माणूस बघू नका, शिफ्ट बघा. बदल झाल्यावर दोन्ही शिफ्टमधे सर्टिफिकेटवाला बॉयलर अटेंडंट उरतोय का एवढं तपासा, कारण हेल्पर कितीही जुना असला तरी त्याच्या भरवशावर बॉयलर सोडता येत नाही. म्हणून अटेंडंटची बदली अटेंडंटशीच.

ओव्हरटाइमची खरी गोची आठवड्यात असते. समजा दोघंही सहा शिफ्ट म्हणजे ४८ तास करतात. एकाने दुसऱ्याची शनिवारची ड्युटी आपल्या सुट्टीत घेतली आणि त्याबदल्यात पुढच्या मंगळवारची आपली दिली. त्यांच्या हिशोबाने फिट्टंफाट, पण पहिल्याचे या आठवड्यात ५६ झाले आणि पुढच्यात ४०, आणि कायद्याने आठवड्यात ४८ च्या वरचे तास दुप्पट दराने, पुढच्या आठवड्यातले कमी तास त्यातून वजा होत नाहीत. शिवाय साप्ताहिक सुट्टी गेली ती वेगळीच. त्यामुळे अदलाबदल दोघांच्याही कामाच्या एकाच दिवसातल्या शिफ्टची असेल तरच मंजूर करा.

अजून एक, नाइट करून सकाळी सातला सुटणारा माणूस बदलीत लगेच फर्स्ट शिफ्टला उभा राहतोय का ते बघा, सलग सोळा तास होतात आणि बॉयलरवर ते फार धोक्याचं आहे, गेज ग्लासमधली पाण्याची लेव्हल बघायला डोळा ताजा लागतो.

तोंडी बदल अजिबात नको. दोघांची सही, सुपरवायझरची सही, आणि शिफ्ट सुरू व्हायच्या आधी रोस्टरवर नाव बदललेलं पाहिजे.