परीक्षा देणारा कोण आणि घेणारा कोण?

प्रश्न: मी मनात मराठी वाक्य जुळवून त्याचे इंग्रजी करतो, म्हणून ‘डू अ मिस्टेक’, ‘मेक होमवर्क’ असे काहीतरी लिहून बसतो. कोणत्या शब्दाबरोबर कोणते क्रियापद, याचा काही नियम आहे का?

उत्तर: मी सोलापूरच्या पूर्व भागात इंग्रजीची शिकवणी घेतो. माझ्याकडे मराठी आणि तेलुगू घरांतील मुले एकाच बाकावर बसतात. परीक्षेविषयी लिहायला सांगितले की मराठी मुले ‘गिव्ह ॲन एक्झाम’ लिहितात, कारण आपण परीक्षा देतो. तेलुगू मुले ‘राइट ॲन एक्झाम’ लिहितात, कारण त्यांच्या भाषेत परीक्षा लिहितात. प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत विद्यार्थ्यासाठी ‘टेक’ किंवा ‘सिट’ येते आणि ‘गिव्ह’ परीक्षा घेणाऱ्या शिक्षकाकडे जाते, म्हणजे आपल्या देण्याघेण्याच्या अगदी उलट. भारतात ‘आय गेव्ह ॲन एक्झाम’ सर्वांना कळते. परदेशी वाचक मात्र तुम्हाला मास्तर समजण्याची शक्यता आहे.

तुमची खरी अडचण ‘करणे’ या क्रियापदाची आहे. आपण चूक, गृहपाठ, प्रगती, फोन, उपकार सगळे ‘करतो’. इंग्रजीत त्याच्या दोन वाटा होतात. ढोबळमानाने, ज्या कामात आपण गुंतलेले असतो त्याला ‘डू’ लागते, म्हणून ‘डू होमवर्क’. ज्यातून आधी नसलेले काही निर्माण होते त्याला ‘मेक’, म्हणून ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक प्रोग्रेस’. परंतु या नियमावर फार विसंबू नका. अंथरूण नीटनेटके करणे हे ‘मेक द बेड’ आणि उपकार करणे हे ‘डू अ फेवर’ का, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

उत्तर मिळत नाही, कारण येथे कोणते क्रियापद यायचे ते नाम ठरवते, आणि हे मराठीतही तसेच आहे. स्वप्न पडते, थंडी वाजते, फोटो काढतात. कोणी ‘मी स्वप्न केले’ म्हणाला तर आपण त्याला व्याकरण सांगत नाही, ‘असे म्हणत नाहीत’ एवढेच सांगतो. म्हणून शब्दकोशात ‘मेक’ किंवा ‘डू’ शोधू नका, कारण तेथे अर्थांची लांबलचक यादी निघेल. ‘मिस्टेक’ हे नाम उघडा आणि उदाहरणवाक्यांत त्याच्या आधी काय येते ते पाहा. वहीतही ‘मिस्टेक म्हणजे चूक’ असे न लिहिता ‘मेक अ मिस्टेक म्हणजे चूक करणे’ अशी पूर्ण जोडीच लिहा.

मराठीतून आलेली प्रत्येक जोडी चुकीची असते असे मात्र नाही. ‘निर्णय घेणे’ यावरून तुम्ही ‘टेक अ डिसिजन’ लिहिलेत तर ते खोडू नका. ‘मेक अ डिसिजन’ अधिक रूढ असले, तरी ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक’ही चालते. खोडायचे ते ‘डू अ डिसिजन’.