इंटर्नशिप संपत आली. कायम होण्याबद्दल मॅनेजरना कसे विचारावे?

"माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप जूनअखेर संपते आहे. मॅनेजर कामावर खूश दिसतात, पण मला पुढे ठेवणार की नाही, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी स्वतःहून मेसेज केला तर गळ्यात पडल्यासारखे दिसेल का? आणि केलाच, तर नेमके काय लिहू?"

अशाच पेचात सापडलेली एक विद्यार्थिनी मे महिन्याच्या मध्याला माझ्याकडे आली होती. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलून तिचीच हकिकत सांगते. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटचे सत्र आणि एका सॉफ्टवेअर कंपनीच्या टेस्टिंग टीममध्ये इंटर्नशिप, असे तिचे चालले होते. तिने मेसेज लिहून ठेवला होता, फक्त पाठवण्याचा धीर होत नव्हता. मजकूर इंग्रजीत होता, त्याचा आशय असा: "सर, तुमच्याकडून खूप शिकायला मिळाले. मला इथेच काम करण्याची मनापासून इच्छा आहे. काही शक्यता असल्यास कृपया माझा विचार व्हावा."

मेसेज नम्र होता, पण त्यावर मॅनेजरना "हो, बघू या" यापलीकडे काही लिहिता आले नसते. इंटर्नला कायम करण्याचा निर्णय बहुतेक ठिकाणी एकट्या मॅनेजरच्या हातात नसतो. टीममध्ये मंजूर जागा, म्हणजे हेडकाउंट, असावी लागते. ती नसेल तर विभागप्रमुखांकडून आणि वित्त विभागाकडून मंजुरी आणावी लागते आणि त्यानंतरच एचआर ऑफर लेटर काढते. मॅनेजरच्या हाती असते ती शिफारस. म्हणून मेसेज असा हवा, की त्यातली दोन वाक्ये उचलून त्यांना आपल्या वरिष्ठांना जशीच्या तशी पाठवता येतील. कृतज्ञतेची वाक्ये त्या कामी येत नाहीत. ती निरोपाच्या दिवशी खुशाल लिहावीत.

आम्ही बसून मसुदा बदलला: "सर, माझी इंटर्नशिप ३० जूनला संपते आहे. बिलिंग मॉड्यूलच्या ज्या रिग्रेशन चाचण्या पूर्वी हाताने कराव्या लागत, त्यांतील बहुतेक आता रात्रीतून आपोआप चालतात; उरलेल्या मी जूनच्या मध्यापर्यंत पूर्ण करते आहे. मला याच टीममध्ये पूर्णवेळ काम करायला आवडेल. त्यासाठी कंपनीत काय प्रक्रिया असते आणि निर्णय साधारण कधीपर्यंत होतो, हे समजून घ्यायला या आठवड्यात 15 मिनिटे मिळतील का?"

यात "मला घेणार का?" असा प्रश्न कुठेच नाही, ही गोष्ट मी मुद्दाम सांभाळली. हो की नाही याचे उत्तर ज्यांच्याकडे नाही त्यांना तेच विचारले, की ते टाळाटाळ करतात आणि इंटर्नला वाटते, आपले काम आवडले नाही. प्रक्रिया आणि तारीख मात्र त्यांना सांगता येते. मेसेज ऑफिसच्या चॅटवर, कामाच्या वेळेत गेला. रात्री व्हॉट्सॲपवर किंवा टीमच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर हा विषय काढू नये. वेळेचे म्हणाल, तर मंजुऱ्यांना आठवडे लागतात, त्यामुळे संपण्याच्या पाच-सहा आठवडे आधी विचारणे बरे. लॅपटॉप परत करण्याच्या आठवड्यात विचारून फारसे काही हाती लागत नाही.

तिच्याकडे कॅम्पसमधून मिळालेली दुसरी ऑफर होती आणि तिचे उत्तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात द्यायचे होते. ते तिला पहिल्याच मेसेजमध्ये घालायचे होते. मी ते काढायला लावले, कारण लेखी मजकुरात ती धमकी वाटते; समोरासमोर बोलताना मात्र "मला अमुक तारखेपर्यंत कळवायचे आहे" एवढे सांगणे रास्तच आहे. (एक ऑफर स्वीकारल्यावर दुसरी घेता येते का, याचे महाविद्यालयाचे नियमही प्लेसमेंट सेलमध्ये आधी विचारून ठेवावेत.)

भेटीत मॅनेजर म्हणाले, "आमच्या टीममध्ये जागा नाही, पण शेजारच्या टीमला विचारतो आणि शुक्रवारपर्यंत सांगतो." कोणाला विचारणार आणि कधी सांगणार, या दोन्ही गोष्टी उत्तरात असल्या म्हणजे ते खरे उत्तर आहे असे मी मानते. त्याच संध्याकाळी तिने बोलण्याचा सारांश चार ओळींच्या ईमेलने त्यांना पाठवला.

शुक्रवारी निरोप आला तो इंटर्नशिप आणखी तीन महिने वाढवण्याचा, स्टायपेंड तोच. अशा वेळी हुरळून होकार देण्याआधी विचारावे, की या तीन महिन्यांनंतरच्या जागेला मंजुरी मिळाली आहे का, आणि उत्तर लेखी मागावे. एचआरच्या उत्तरात जागेची हमी नव्हती. तिने मुदतीच्या आदल्या दिवशी कॅम्पसची ऑफर स्वीकारली, मॅनेजरना त्याच दिवशी तसे कळवले आणि अनुभवाचा दाखला व कामाचे लेखी मूल्यमापन जून संपण्याआधी मागून घेतले.