आधी ‘ने’ शोध

निबंध लांब आहे, तेव्हा लिंग-वचनाच्या चुका शोधताना सगळी क्रियापदं एकदम तपासू नकोस. आधी भूतकाळातली ‘ने’वाली वाक्यं शोध, घोळ बहुधा तिथेच असतो. तुझंच वाक्य घे: ‘आजीने माळ्यावरची, आजोबांच्या फेट्याखाली दडलेली पेटी काढला.’ क्रियापदापाशी थांबून विचार, काय काढलं? पेटी. मग ‘काढली’. मधल्या फेट्याने तुला फसवलं. कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला, तर मात्र क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी: ‘आजीने मुलींना बोलावलं.’ इथे ‘बोलावल्या’ नको.

‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, म्हणून तो जास्त चकवतो. मुलगा असो वा मुलगी, ‘मी चिठ्ठी वाचली’च. ‘आणि’ने जोडलेल्या वस्तूंत शेवटचं नाम बघ: ‘पेटी आणि फेटा काढला’. क्रम बदललास, तर क्रियापदही बदल.