डार्क मोडमध्ये डोळ्यांना नेमकं काय टोचतं ते कसं शोधायचं?

"आमच्या बातम्यांच्या ॲपला डार्क मोड दिलाय. पार्श्वभूमी #000000, अक्षरं #FFFFFF, बटणं #6200EE, कार्डांना सावली. वापरणारे म्हणतात, डोळ्यांना टोचतं. नेमकं काय बघू?"

दुपारी ऑफिसात बसून हे कळणार नाही. रात्री दिवे बंद करा, फोनची ब्राइटनेस कमी करा आणि एखादी लांब बातमी शेवटपर्यंत वाचा. अंधारात बाहुली मोठी होते, त्यामुळे काळ्यावरची पांढरी अक्षरं कडेने पसरल्यासारखी दिसतात. दृष्टिवैषम्य असलेल्यांना हे जास्त जाणवतं. देवनागरीत तर यामुळे अक्षरच बदलतं. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला मोठा फरक म्हणजे शिरोरेघेतली फट, आणि चकाकीत आधी तीच बुजते. म्हणून 'धडा' आणि 'घडा', 'भात' आणि 'मात' तुमच्या सर्वांत लहान फॉन्टमध्ये शेजारी लिहून बघा. फट दिसेनाशी झाली तर पार्श्वभूमी #121212 आणि मजकूर #E0E0E0 करा. कॉन्ट्रास्ट २१:१ वरून साधारण १४:१ वर येईल. वाचनाला तो भरपूर आहे, कारण डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीची साध्या मजकुरासाठी किमान अट ४.५:१ आहे. ठळक वजनाचा फॉन्ट असेल तर एक पायरी हलका घ्या.

कार्डांची सावली काढून टाकलीत तरी चालेल. काळ्याहून गडद काही नसतं, मग ती दिसणार कुठे? डार्क मोडमध्ये कोणता थर किती वर आहे ती उंची दाखवायची उजळपणाने. गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या जुन्या डार्क थीममध्ये #121212 वर पांढऱ्याचा पातळ थर देतात: १ डीपी उंचीला ५ टक्के, ८ डीपीला १२, २४ डीपीला १६. म्हणजे साधं कार्ड #1E1E1E, मेनू #2E2E2E आणि डायलॉग #383838. तपासायला मेनू उघडून स्क्रीनशॉट घ्या आणि थोडं लांबून बघा. मेनूची कड कार्डापासून सुटी दिसली पाहिजे. फिकट करड्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट मात्र डायलॉगवरच मोजा, कारण तिथली पार्श्वभूमी सर्वांत उजळ असते.

आता जांभळं बटण. #6200EE दिसायला भडक, पण #121212 वर त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.५:१ भरतो. डोळ्याला खुपतं आणि त्या रंगातली लिंक वाचताही येत नाही. स्क्रीनशॉट कृष्णधवल करून बघा, बटण पार्श्वभूमीत विरघळलेलं दिसेल. त्याऐवजी त्याच कुळातला फिका #BB86FC घ्या, तो ७:१ च्या आसपास जातो. रंग बदलताना बटणावरचा मजकूर तसाच पांढरा राहून जातो आणि फिक्या जांभळ्यावर तो २.६:१ वर घसरतो. तो काळा करा.