वेगवान व्याख्यानात वही की लॅपटॉप?

प्रश्न : "मी द्वितीय वर्षाला आहे. शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला सर इतके भरभर बोलतात की हाताने लिहिताना अर्धे निसटते. म्हणून मी लॅपटॉपवर टाइप करू लागले. आता सगळे लिहून होते, पण परीक्षेत काहीच आठवत नाही. परत वहीकडे वळू का?"

या विद्यार्थिनीला मी लगेच उत्तर दिले नाही. पुढच्या भेटीला येताना जुनी वही आणि लॅपटॉपवरची फाइल, दोन्ही घेऊन ये, एवढेच सांगितले. नोट्सबद्दलची तक्रार ऐकून जितके कळते, त्याहून कितीतरी अधिक त्या नोट्स समोर उघडून ठेवल्यावर कळते, असा माझा अनुभव आहे.

वहीत प्रत्येक तासाची पहिली दोन पाने सुवाच्य आणि पूर्ण वाक्यांची होती, नंतर वाक्ये अर्ध्यावर तुटत गेली होती आणि शेवटी नुसते सुटे शब्द उरले होते. फाइलमध्ये याच्या उलट चित्र होते. पन्नास मिनिटांच्या एका तासाचे जवळजवळ तीन हजार शब्द त्यात होते, आणि त्यांत "मागे बसलेल्यांना ऐकू येते आहे का" हे वाक्यही इमानाने टिपलेले होते. आकृती मात्र एकही नव्हती.

येथे थोडा हिशेब मांडावा लागतो. सराईत वक्ता मिनिटाला साधारण 120 ते 160 शब्द बोलतो, हाताने सलग लिहिण्याचा वेग मिनिटाला वीस-पंचवीस शब्दांच्या आसपास असतो आणि चांगला सराव असलेला विद्यार्थी टाइप करताना पन्नास-साठपर्यंत पोहोचतो. म्हणजे सगळे उतरवून घेणे दोन्ही साधनांनी अशक्यच आहे. फरक इतकाच, की वही ही गोष्ट दहाव्या मिनिटाला कबूल करायला लावते, तर लॅपटॉप तासभर आशेवर ठेवतो. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे बोटांतून उतरत राहते आणि त्यातले काय ठेवायचे, काय सोडायचे हा निर्णय घेण्याची वेळच येत नाही.

तिच्या फाइलमधला ॲक्शन पोटेन्शियलचा, म्हणजे चेतापेशीतून जाणाऱ्या विद्युत संदेशाचा, तास आम्ही निवडला. लॅपटॉप मिटवून मी तिला विचारले, "चेतापेशीच्या लांब तंतूतून, म्हणजे ॲक्झॉनमधून, संदेश एकाच दिशेने पुढे जातो, मागे का फिरत नाही?" तिला सांगता आले नाही. मग फाइल उघडली, तर उत्तरासाठी लागणारी सर्व वाक्ये तिथे होती. पेशीपटलावरचा विद्युतदाब विश्रांतीच्या स्थितीत सुमारे उणे 70 मिलिव्होल्ट असतो, तो उणे 55 च्या आसपास आला की सोडियमची दारे उघडतात, ती क्षणार्धात निष्क्रिय होतात आणि काही काळ पुन्हा उघडू शकत नाहीत, हे सगळे तिने टाइप केले होते. मात्र "पुन्हा उघडू शकत नाहीत" आणि "संदेश मागे फिरत नाही" ही दोन वाक्ये चार परिच्छेदांच्या अंतरावर होती आणि त्यांना जोडणारे काहीही मध्ये नव्हते. सरांनी तो दुवा फळ्यावरच्या आलेखात दाखवला होता, असे तिला नंतर आठवले. त्या वेळी तिची नजर कळफलकावर होती.

हाताने लिहिणे श्रेष्ठ, असा निष्कर्ष एव्हाना बहुतेक वाचकांनी काढला असेल. 2014 मध्ये मुलर आणि ओपेनहाइमर या संशोधकांचा एक अभ्यास गाजला. त्यात लॅपटॉपवर नोट्स घेणाऱ्यांनी शब्द अधिक लिहिले, पण त्यांतले बरेच वक्त्याच्याच तोंडचे होते, आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत ते मागे पडले. शब्दशः लिहू नका अशी सूचना देऊनही त्यांची ती सवय सुटली नाही. पुढे हाच प्रयोग इतरांनी पुन्हा केला आणि त्याचे निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा शब्दशः उतरवण्याची प्रवृत्ती पुन्हा दिसली, पण गुणांमधला फरक स्पष्टपणे दिसला नाही. त्यामुळे वही हातात घेताच आकलन वाढते, असे आश्वासन मी कोणाला देत नाही. या विद्यार्थिनीच्या वहीतली तुटलेली वाक्येही तेच सांगत होती, कारण तिथेही ती वाक्येच पकडू पाहत होती.

मी तिला पुढच्या चार तासांपुरता एक प्रयोग करायला सांगितले. दोन तास वही आणि दोन तास लॅपटॉप वापरायचा, पण दोन्हीकडे पूर्ण वाक्य लिहायचे नाही. बाण, संक्षेप आणि शिक्षकांनी काढलेली आकृती एवढेच घ्यायचे. सुटलेल्या जागी प्रश्नचिन्ह करून, रिकामी ओळ सोडून पुढे जायचे. मागे राहिलेले पकडण्याच्या नादात चालू वाक्यही हातचे जाते, आणि तिच्या वहीतली गळती बहुतांशी अशीच सुरू झाली होती. त्याच संध्याकाळी नोट्स न उघडता दहा मिनिटे कोऱ्या कागदावर त्या तासाचा धागा लिहायचा, मग नोट्स आणि पाठ्यपुस्तक पाहून प्रश्नचिन्हे भरायची.

यातला संध्याकाळचा भाग तिला जाचक वाटला आणि पहिल्या तासानंतर तिने तो टाळला. त्या तासाच्या नोट्स आठवड्यानंतर तिलाच उलगडत नव्हत्या, कारण संक्षिप्त टिपणातला मधला अर्थ दोन-तीन दिवसांत विरून जातो. संक्षेपाने लिहिणाऱ्याला उजळणी पुढे ढकलता येत नाही. ही किंमत मी आधीच अधिक ठामपणे सांगायला हवी होती.

उरलेल्या तीन तासांचे कागद पाहता एक गोष्ट दिसली. वहीतल्या नोंदीत

```
Na⁺ आत → दारे निष्क्रिय (थोडा वेळ) → मागचा भाग बंद → म्हणून फक्त पुढे
```

अशी एक ओळ आणि शेजारी आलेख होता, आणि कोऱ्या कागदावर तीच साखळी जशीच्या तशी उतरली होती. लॅपटॉपवरच्या तासांत शब्द आता निम्म्याने घटले होते आणि धागाही बऱ्यापैकी आठवला होता, परंतु आकृतीच्या जागी प्रत्येक वेळी "आकृती पाहा" एवढेच लिहिलेले होते. म्हणून शरीरक्रियाशास्त्रासाठी तिने वही ठेवली. व्याख्या, वर्गीकरणे आणि नावे यांनी भरलेल्या दुसऱ्या एका विषयात आकृत्या जवळजवळ नसतात, नंतर शोधणे आणि मध्येच भर घालणे मात्र सतत लागते. तिथे लॅपटॉप राहिला, फक्त इंटरनेट बंद करून आणि मागच्या रांगेत बसून, कारण उघड्या पडद्यावरचा इतर मजकूर शेजारच्यांचेही लक्ष वेधतो.

हा निर्णय तिच्या विषयांचा आणि तिच्या हाताचा आहे. लिहिताना ज्याचे मनगट दुखते, किंवा अक्षर जुळवण्यातच ज्याची सारी शक्ती खर्ची पडते, त्याला मी वहीचा आग्रह कधीच करणार नाही. त्याने कळफलक वापरावा आणि आकृतीसाठी कोरा कागद बाजूला ठेवावा.

सहा आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा वहीच्या पानांवर प्रश्नचिन्हे होतीच, पण प्रत्येकाशेजारी वेगळ्या शाईत उत्तर लिहिलेले होते. एकच प्रश्नचिन्ह मोकळे होते, पोटॅशियमच्या दारांना उघडायला उशीर का होतो याचे, आणि ते ती सरांना विचारणार होती.