सायरन, मत्स्यकन्या आणि आसरा

प्रश्न : "परदेशी कथांत गाणं म्हणून खलाशांना भुलवणाऱ्या 'सायरन' येतात. त्यांना मराठीत मत्स्यकन्या म्हणायचं की जलपरी? भोंग्याला आपण सायरन म्हणतो, तो शब्द हाच का? आणि या बायका खलाशांनाच का भुलवतात?"

मूळच्या सायरनला माशाची शेपटी नव्हती, म्हणून तिला मत्स्यकन्या म्हणू नये असं माझं ठाम मत आहे. हा शब्द ग्रीक आहे आणि होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या बाराव्या सर्गात तो येतो. होमर या सायरनांचं रूप सांगतच नाही. त्या दोघी आहेत, फुलांच्या कुरणात बसल्या आहेत आणि भोवती कुजलेल्या माणसांच्या हाडांचा ढीग आहे, एवढंच तो सांगतो. पुढच्या ग्रीक चित्रकारांनी त्यांना पाखराचं अंग आणि बाईचं डोकं दिलं. ब्रिटिश म्युझियममध्ये इ. स. पूर्व ४८०च्या सुमाराचं एक मातीचं भांडं आहे. त्यावर डोलकाठीला बांधलेला, त्या महाकाव्याचा नायक ओडिसियस आहे, वल्ही मारणारे खलाशी आहेत, आणि एक सायरन पंखांसकट डोकं खाली करून कड्यावरून कोसळते आहे.

त्या का भुलवतात, याचं उत्तर मिळवायला तो प्रसंगच नीट वाचायला हवा. ट्रॉयच्या युद्धावरून घरी निघालेल्या ओडिसियसला आधीच सावध करताना जादूगारीण सर्सी काय म्हणते पाहा. जो नकळत जवळ जातो आणि त्यांचा आवाज ऐकतो, त्याची बायको आणि लहान मुलं पुन्हा कधी त्याच्याजवळ उभी राहत नाहीत, कारण तो परततच नाही. ती देहाच्या मोहाबद्दल काही बोलत नाही. दारात वाट पाहणारं घर, हीच तिने सांगितलेली किंमत.

मग जहाज त्या बेटाजवळ येतं आणि वारा पडतो. लाटाही निजतात. खलाशी शीड उतरवून गुंडाळतात आणि वल्ह्यांवर बसतात. ओडिसियस मेणाची मोठी ढेप तलवारीने कापतो, तळहातात मळतो, उन्हाने ते मऊ होतं, आणि तो एकेकाच्या कानात भरतो. स्वतःला मात्र तो हातपाय बांधून डोलकाठीशी उभा करवून घेतो, कारण त्याला ऐकायचं आहे. गाणं सुरू झाल्यावर तो भुवयांनी खुणावतो, सोडा म्हणतो. तेव्हा पेरिमिडीस आणि युरिलोकस हे दोघे उठून त्याला आणखी दोर आवळतात. तसं सर्सीने आधीच सांगून ठेवलेलं असतं.

वारा पडणं ही गोष्ट समुद्रावरच्या माणसाला लगेच कळते. शिडाच्या जहाजाला वादळाइतकाच धोका किनाऱ्याजवळच्या निवांत पाण्यात असतो. वारा नाही म्हणजे शीड निकामी, सुकाणूला पाणी लागत नाही, आणि प्रवाह गलबताला हळूहळू खडकाकडे नेतो. वरून सगळं शांत दिसतं. सायरन त्याच घटकेला गातात, ही मला होमरची सर्वांत अचूक जागा वाटते. फसवी शांतता ज्यांनी अनुभवली होती, अशा लोकांचीच ती गोष्ट असावी.

आणि गाण्यात त्या म्हणतात काय? ट्रॉयच्या रणात ग्रीकांनी आणि ट्रॉयच्या लोकांनी जे सोसलं ते सगळं आम्हाला माहीत आहे, पृथ्वीवर जे जे घडतं तेही आम्हाला माहीत आहे. ऐकणारा अधिक जाणता होऊन पुढे जातो. दहा वर्षं लढलेल्या माणसाला त्याचीच कहाणी ऐकवण्याचं हे आमिष आहे. ऐकत बसलं की घर राहून जातं. त्यामुळे 'भुलवणं' हे क्रियापद मला इथे अगदी नेमकं वाटतं. भूल पडलेला माणूस आधी वाट विसरतो. 'मोहात पाडणं' म्हटलं की अर्थ लगेच दुसरीकडे जातो.

ग्रीक लोक सायरनला मृतांशीही जोडत. अथेन्समधल्या इ. स. पूर्व चौथ्या शतकातल्या थडग्यांवर केस ओढून शोक करणाऱ्या किंवा वीणेसारखं वाद्य धरलेल्या सायरन कोरलेल्या आहेत. दर्यात गेलेल्या माणसाचं प्रेत कित्येकदा हाती लागत नाही. कुरणातली ती बेवारस हाडं आणि थडग्यावरची ही रडणारी सायरन शेजारी ठेवून पाहिली, की ही आकृती समुद्रावर जाणाऱ्या समाजाच्या कुठल्या भीतीतून आली ते कळतं.

शेपटी बरीच नंतर आली. सातव्या-आठव्या शतकातल्या राक्षसांविषयीच्या एका लॅटिन ग्रंथात सायरन बेंबीपर्यंत कुमारी आणि खाली खवल्यांची मासोळी होते. इंग्रजीत समुद्राच्या जुन्या 'मेर' या शब्दापासून झालेला 'मरमेड' वेगळा राहिला, पण फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज भाषांत सायरनचाच शब्द शेपटीवालीला लागू झाला. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्यांना 'सेरेया' म्हटल्यावर मासोळीच दिसते, ती यामुळे. चर्चच्या उपदेशकांनी याच काळात तिला देहाच्या मोहाचं रूप दिलं. कॉर्नवॉलमधल्या झेनॉर गावच्या चर्चमध्ये लाकडी बाकावर हातात आरसा आणि फणी घेतलेली मत्स्यकन्या कोरलेली आहे.

खलाशांच्या स्वतःच्या गाण्यांत मात्र चित्र निराळं आहे. एका जुन्या इंग्रजी गाण्यात ती फणी-आरसा घेऊन दिसते, बस. कोणालाही बोलावत नाही. पण ती दिसताच जहाजावरचा जो तो आपल्या माणसांची आठवण काढू लागतो, आणि जहाज तीनदा गरगर फिरून बुडतं. खलाशांसाठी ती अपशकुनाची खूण होती. भुलवण्याचा आरोप जमिनीवर बसून प्रवचन करणाऱ्यांनी जास्त केला, असं मला वाटतं.

आता भोंगा. शब्द तोच. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर याने १८१९ साली भोकं पाडलेली चकती फिरवून तिच्यातून हवा सोडत सूर काढणारं यंत्र केलं. ते पाण्यात बुडवलं तरी वाजे, म्हणून त्याने त्याला सायरनचं नाव दिलं. म्हणजे १८१९पर्यंत ती पुरती पाण्यातली झाली होती. आकाशातली सायरन असती तर हे नाव सुचलं नसतं.

मराठीत गंमत अशी की पाण्याकडे ओढणाऱ्या बाईसाठी आपल्याकडे अस्सल शब्द आधीपासून आहे : आसरा. विहिरीकाठी, डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा. बायका त्यांची ओटी भरतात, आणि कोणी डोहात बुडालं तर आसरांनी ओढून नेलं म्हणतात. हा शब्द 'अप्सरा'चाच, आणि अप्सरेतलं 'अप्' म्हणजे पाणी. फरक एवढाच की आसरा गोड्या पाण्याच्या. त्यांचा राबता गावच्या पाणवठ्यावर, भर दर्यात नाही.

तेव्हा भाषांतर करताना मी असं करेन : होमरच्या गोष्टीत 'सायरन'च ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे 'गाणाऱ्या बायका' असं सांगून टाकावं. शेपटी असेल तर मत्स्यकन्या. मुलांच्या गोष्टीत जलपरी खुशाल चालेल. आणि 'मत्स्यगंधा' यांपैकी कुठेच लिहू नका. ती महाभारतातली सत्यवती, नाव वल्हवणारी कोळ्याची लेक, पूर्ण माणूस.