पलंगाखाली दडून बसलेली कुत्री

सुटका केलेली कुत्री तीन आठवडे सांभाळायला आणलीय. कालपासून पलंगाखालून बाहेर येत नाही, खातही नाही. काय करू?

ओढून काढू नका, भेदरलेली कुत्री चावू शकते. पाणी आणि खाणं पलंगापाशी, रोज ठरल्या वेळी ठेवा. वीस मिनिटांनी खाणं उचला, पाणी राहू द्या. बाहेर आली की पट्टा बांधूनच शू-शीला न्या, दर वेळी त्याच जागी. नव्या घरातून कुत्री पळतात ती याच दिवसांत.

माझ्याकडची एक कुत्री दोन दिवस फक्त दिवा मालवल्यावर जेवायची. तिसऱ्या दिवशी मी पाठ करून जमिनीवर बसले होते, तर येऊन तिने माझी टाच हुंगली. मी हात पुढे केला नाही.

पाहुणे, आंघोळ सध्या नकोच. पाणीही पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील किंवा उद्याही उपाशी राहिली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. पिल्लू असेल तर इतकंही थांबू नका.